अंगझडतीतला माल बाद कसा होतो

सत्र न्यायालयात नव्याने उभ्या राहणाऱ्या बचाव वकिलाचं ठरलेलं वाक्य असतं: ‘झडतीच बेकायदा आहे, सबब तीत मिळालेला माल पुराव्यातून वगळावा.’ यावर सरकारी वकील बहुधा उठतही नाहीत. न्यायाधीशच विचारतात, ‘मलकानी वाचलाय का?’

तेव्हा कामाला लागण्याआधी मलकानी वाचायचा. १९६४ सालची मुंबईतली घटना आहे. शहराच्या कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचं प्रकरण होतं. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने दुसऱ्या एका डॉक्टरच्या घरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून कॉरोनर आणि या दुसऱ्या डॉक्टरचं बोलणं टिपलं. आरोपीचं म्हणणं असं की हे टेपिंग तार कायद्याविरुद्ध आहे आणि ते ऐकताच कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हे म्हणणं फेटाळलं. पुरावा मुद्द्याशी संबंधित असेल आणि खरा असेल, तर तो कोणत्या मार्गाने हाती आला यावरून तो आपोआप बाद होत नाही, असं न्यायालयाने धरलं. पुढच्याच वर्षी पूरनमल खटल्यात घटनापीठाने प्राप्तिकर खात्याच्या छाप्यांबाबत हीच भूमिका घेतली. झडतीत दोष असला तरी जप्त कागद वाचता येतात. आपल्याकडचा सर्वसाधारण नियम आजही हाच आहे. आरोपीवर फारच अन्याय होत असेल तर न्यायाधीश आपल्या अधिकारात पुरावा नाकारू शकतो, एवढी फट तेवढी उघडी आहे, आणि त्या फटीवर भिस्त ठेवून खटला लढता येत नाही.

म्हणून ही कृती एकाच ठिकाणासाठी लिहितो आहे, जिथे हा नियम खरोखर मोडतो: अंमली पदार्थविरोधी कायद्याचं, म्हणजे एनडीपीएसचं, कलम ५०. झडती घेण्यापूर्वी माणसाला सांगायचं असतं की, जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर अंगझडती देण्याचा तुला हक्क आहे. त्याने तशी मागणी केली तर विनाकारण वेळ न लावता त्याला तिथे न्यायचं असतं. कायदा १९८५चा असला, तरी हे न केल्यास काय होतं ते नीट ठरायला १९९९ उजाडलं. त्या वर्षी पंजाब राज्य विरुद्ध बलदेव सिंग या खटल्यात घटनापीठाने सांगितलं की हक्क न सांगता केलेल्या अंगझडतीत मिळालेला माल ‘ताबा’ सिद्ध करायला वापरता येणार नाही, आणि शिक्षा फक्त त्या मालावर उभी असेल तर ती टिकणार नाही. पूरनमलचा आधार इथे घेता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

मलकानीत टेप चालली आणि बलदेव सिंगमध्ये पुडी चालली नाही, हा फरक का, हे पक्कं समजल्याशिवाय पुढची एकही पायरी जमत नाही. माझ्या मते उत्तर साधं आहे. टेप बेकायदा असली तरी आवाज कुणाचा आणि तो काय म्हणाला, हे त्या बेकायदेपणाने बदलत नाही. पुडीचं तसं नाही. पुडी खिशात होती की नाही हाच सगळा वाद असतो, आणि त्याला साक्षीदार असतात छापा घालणारे पोलीस आणि त्यांनीच आणलेले पंच. तटस्थ अधिकारी उभा करायचा तो याचसाठी. त्यातून कायद्याची मांडणी आरोपीवर कडक आहे. ताबा सिद्ध झाला की कलम ५४ आणि ३५ खालची गृहीतकं लागू होतात आणि आपण निर्दोष आहोत हे दाखवण्याचं ओझं त्याच्यावर जातं. व्यावसायिक प्रमाण असेल तर किमान शिक्षाच १० वर्षांची. एवढा मोठा परिणाम ज्या एका झडतीवर अवलंबून आहे, ती झडती संशयातीत असावी अशी अपेक्षा घटनापीठाने धरली. गुन्हेगार सुटू नये हे समाजाचं हित आहेच, पण पोलिसांनी कायदा मोडून मिळवलेल्या ताब्यावर न्यायालयाने गृहीतकाचं बळ उभं करू नये, असा तो तोल आहे.

आता प्रत्यक्ष काम. एक काल्पनिक प्रकरण घेऊ. एसटी स्टँडवर दोन तरुण एमडी, म्हणजे मेफेड्रोन, विकायला येणार अशी खबर पथकाला मिळते. पथक पंच घेऊन जातं आणि दोघांना अडवतं. एकाच कागदावर सूचना लिहिली जाते, त्याखाली दोघांच्या सह्या घेतल्या जातात. मग पहिल्या आरोपीच्या जीन्सच्या खिशात ६० ग्रॅम आणि त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ८ ग्रॅम एमडी सापडतं. दुसऱ्याजवळ काही सापडत नाही. एमडीचं अल्प प्रमाण २ ग्रॅम, व्यावसायिक ५० ग्रॅम. हे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटी लागतील.

पहिलं काम म्हणजे मालाची फोड. दोषारोपपत्रात ‘आरोपीच्या ताब्यातून एकूण ६८ ग्रॅम’ असंच लिहिलेलं असतं आणि नवखे वकील तो आकडा तसाच उचलतात. जप्ती पंचनामा वाचून कोणता माल अंगावरून आला आणि कोणता पिशवी, गाडी किंवा खोलीतून, ते वेगवेगळं लिहून काढा. कलम ५० फक्त माणसाच्या अंगझडतीला लागतं. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध पवन कुमार या २००५च्या निकालापासून पिशवी म्हणजे अंग नव्हे हे ठरलेलं आहे. अंगझडती आणि पिशवीची झडती एकदम झाली असेल तर पिशवीलाही कलम ५० लागतं, असा एक मतप्रवाह मधल्या काळात होता आणि तो अजूनही युक्तिवादात ऐकू येतो. त्याच्या नादाला लागू नका. अंगझडतीत दोष असूनही गाडीत मिळालेला माल पुरावा म्हणून चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने बलजिंदर सिंग खटल्यात २०१९ मध्ये म्हटलं, आणि रंजन कुमार चढ्ढा खटल्यात २०२३ मध्ये पिशवीतल्या मालाला हे कलम लागू नाही हे पुन्हा सांगितलं. आपल्या प्रकरणात ६० ग्रॅमवर लढता येईल. सॅकमधल्या ८ ग्रॅमवर या मुद्द्याने लढता येणार नाही.

यानंतर पाहायचं की पथकाला आधी संशय होता का. पोलीस गस्तीवर असताना भलत्याच कारणासाठी कुणाला तपासतात आणि खिशातून अचानक पुडी निघते, अशा वेळी कलम ५०चा दोष काढता येत नाही. ज्या क्षणी अधिकाऱ्याला अंमली पदार्थाचा संशय आला त्या क्षणापासून त्याला कायदा पाळावा लागतो, हे बलबीर सिंग खटल्यात १९९४ मध्येच सांगितलं गेलं. म्हणून स्टेशन डायरीची नोंद मागवा. तिच्यात खबरीचा उल्लेख असेल तर ‘अचानक सापडलं’ हा बचाव सरकारी पक्षाला घेता येत नाही. आमच्या उदाहरणात खबर होती, त्यामुळे हा दरवाजा बंद. नवखे लोक इथेच कलम ४२चाही घोळ घालतात. खबर लिहून वरिष्ठांना कळवली नाही म्हणून खटला पडतो, असा युक्तिवाद करतात. एसटी स्टँड सार्वजनिक ठिकाण आहे. तिथे कलम ४३ लागतं आणि ४२ची ओरड वाया जाते. दोन मुद्दे एकत्र मांडले की कच्चा मुद्दा पक्क्यालाही घेऊन बुडतो.

झडती घेणारा कोण होता हेही पाहून घ्या. तो स्वतःच कलम ४१ खाली काम करणारा राजपत्रित अधिकारी असेल, तर न्यायालयाने पूर्वी कलम ५० न पाळल्याचा आक्षेप मान्य केलेला नाही. आपल्याकडे उपनिरीक्षक होता असं समजू.

आता सूचनापत्र. बाकी दोषारोपपत्रावर जेवढा वेळ घालवाल तेवढाच या एका कागदावर घालवा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या.

एक, हक्क सांगितला की नुसती विचारणा केली. आमच्या प्रकरणातला मजकूर असा आहे असं धरा: ‘तुमची इच्छा असल्यास तुमची झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमक्ष घेता येईल.’ सभ्य वाक्य आहे, पण यात हक्क कुठेच नाही. अशाच धर्तीचं वाक्य जोसेफ फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात पोलिसांनी उच्चारलं होतं, आणि तेव्हा न्यायालयाने ‘साधारणपणे पालन झालं’ म्हणून ते चालवून घेतलं होतं. पण २०१०च्या विजयसिंह चंदुभा जडेजा निकालात घटनापीठाने ‘साधारण पालन’ ही कल्पनाच नाकारली आणि हक्काची जाणीव करून देणं सक्तीचं ठरवलं. सरकारी वकील जोसेफ फर्नांडिस पुढे करतीलच. तुमच्या हातात जडेजा असायला हवा.

दोन, सूचना प्रत्येकाला स्वतंत्र दिली की सामाईक. राजस्थान राज्य विरुद्ध परमानंद या २०१४च्या निकालात न्यायालयाने सामाईक सूचना अमान्य केली. कारण पटण्यासारखं आहे. दोघांना एकदम विचारलं की एक होय म्हणतो आणि दुसरा त्याच्या मागून मान डोलावतो, मग त्याने स्वतः काय ठरवलं हे कधीच कळत नाही. आपल्याकडे एकच कागद आणि दोन सह्या आहेत.

तीन, कायद्यात नसलेला तिसरा पर्याय. परमानंद खटल्यातच अधिकाऱ्याने राजपत्रित अधिकारी आणि दंडाधिकारी यांच्या जोडीला छापा पथकातल्याच एका अधिकाऱ्याचं नाव सुचवलं होतं. ज्याला तटस्थ म्हणून उभं करायचं तोच पथकातला निघाल्यावर कलमाचा हेतूच बाजूला पडतो. ‘किंवा आमच्यासमोर’ अशी पुस्ती कुठे जोडली आहे का, ते पाहा.

‘आरोपीने स्वतःच सांगितलं, तुम्हीच घ्या झडती’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पंचनाम्यात असतं. ते वाचून खचू नका आणि त्याकडे दुर्लक्षही करू नका. जडेजा निकालानुसार हक्क सांगितल्यावर तो वापरायचा की नाही हे माणसाने ठरवायचं असतं. त्यामुळे हक्क नीट सांगून मिळालेला नकार हा खरा नकार ठरतो. पण हक्कच सांगितला नसेल तर नकार कसला? युक्तिवाद नेहमी याच क्रमाने मांडा. नकार खोटा होता हे सिद्ध करण्याच्या भरीला पडलात तर तुम्ही अशक्य ओझं उगाच अंगावर घेता.

कागद समजला की उलटतपासणी. इथे बहुतेक चुका एका प्रश्नात होतात: ‘तुम्ही आरोपीला त्याचा हक्क सांगितला नव्हता, बरोबर?’ साक्षीपिंजऱ्यातला उपनिरीक्षक लगेच म्हणतो, ‘नाही, तोंडी सांगितला होता,’ आणि कागदातली उणीव साक्षीने भरून निघते. म्हणून आधी कुंपण घालायचं आणि हक्क हा शब्द तोंडातूनच काढायचा नाही. तपासणी साधारण अशी चालते:

‘झडतीपूर्वी आरोपीला जे सांगितलंत ते लेखी सूचनेत आहे?’

‘होय.’

‘सूचना तुमच्या हस्ताक्षरात आहे, आणि तुम्ही ती त्याला वाचून दाखवलीत?’

‘होय.’

‘सूचनेत नाही असं काही तोंडी सांगितल्याचा पंचनाम्यात उल्लेख आहे?’

‘नाही.’

‘दोन्ही आरोपींना मिळून एकच सूचना दिली?’

‘होय.’

इथे खाली बसायचं. आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तोच नडतो. पंचाला मात्र वेगळं विचारायचं: सूचना लिहिली तेव्हा तो कुठे उभा होता, कुणी वाचली, कोणत्या भाषेत वाचली. आरोपी मराठी न कळणारा असेल आणि सूचना मराठीत असेल, तर हा मुद्दा एकटाच पुरेसा जड होतो. पंच फितूर झाला तर हुरळू नका. फितुरीने कलम ५० मोडलं असं होत नाही, फक्त सरकारी पक्षाला एक साक्षीदार कमी पडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने झडती आणि जप्तीचं दृक्श्राव्य चित्रीकरण सांगितलं आहे. चित्रफीत मागवा आणि तिच्यातली वेळ सूचनेवरच्या आणि पंचनाम्यावरच्या वेळेशी ताडून पाहा. मिळालेली पुडी आधी दिसते आणि सूचनेवर सही नंतर, असा प्रकार त्यात दिसला तर बाकी युक्तिवादाची गरजच कमी होते. चित्रीकरण नाही एवढ्यावरून माल बाद होतो असं मात्र धरून चालू नका. तो सरकारी पक्षाच्या विश्वासार्हतेवर घाव आहे, कलम ५०चा भंग नव्हे.

हा मुद्दा कधी मांडायचा? बलदेव सिंगने स्पष्ट केलंय की कलम ५० पाळलं की नाही हे खटल्यातल्या पुराव्यावरून ठरतं, आणि पाळलं हे दाखवण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची. जामीन अर्जात तो नोंदवून ठेवायला हरकत नाही, पण त्यावर सगळी आशा टाकू नका, कारण तिथे साक्षीपुरावाच झालेला नसतो. पंचनामा साक्षीत येऊन त्यावर निशाणी पडायच्या वेळी तोंड उघडून आक्षेप घ्या आणि तो लिहून घ्यायला लावा. आक्षेप नोंदलेला नसेल तरी हा मुद्दा अपिलात मांडता येतो, पण नोंद असली की अपिलात तुम्हाला समजावत बसावं लागत नाही.

अंतिम युक्तिवादाच्या टिपणात आता ते कोपऱ्यातले आकडे काढा. सरकारी वकिलांचा हिशेब: ६८ ग्रॅम, म्हणजे ५०च्या वर, व्यावसायिक प्रमाण, कलम २२ खाली किमान १० आणि कमाल २० वर्षं सक्तमजुरी, १ लाखापासून २ लाखांपर्यंत दंड. तुमचा हिशेब: ६० ग्रॅम अंगावरचे, सूचनेत हक्क नाही आणि ती सामाईक आहे, म्हणून ताब्याचा पुरावा म्हणून बाद. उरतात ८ ग्रॅम. ते २च्या वर आणि ५०च्या खाली, म्हणजे मधलं प्रमाण, शिक्षा १० वर्षांपर्यंत पण किमान काही नाही, दंड १ लाखापर्यंत. कलम ५०च्याच बळावर निर्दोष सोडा अशी मागणी केली तर सॅकच्या मुद्द्यावर न्यायाधीश तुमचं एकूण म्हणणंच संशयाने पाहतील. तेव्हा दोन पातळ्यांवर मागा: सॅकचा ताबा सिद्ध झाला नाही हा स्वतंत्र मुद्दा आधी, आणि तो अमान्य झाला तर शिक्षा ८ ग्रॅमच्या मापानेच व्हावी हे नंतर. दुसऱ्या आरोपीजवळ काहीच सापडलेलं नाही, त्याच्याविरुद्ध कलम ५० नव्हे तर पुराव्याचा अभाव हाच मुद्दा आहे, आणि त्याची बाजू वेगळ्या परिच्छेदात मांडा.

सरकारी पक्षाकडे यावर एक उत्तर उरतं आणि ते हलकं समजू नये. पुडी बाद झाली तरी दुसरा पुरावा असेल तर शिक्षा होऊ शकते. फोनवरचे व्यवहार, ग्राहकाची साक्ष, बँकेतली रक्कम, हे सगळं उरतं. अंमली पदार्थ अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली मात्र उरत नाही, तोफान सिंग निकालाने २०२० मध्ये ती बाद केली आहे. म्हणून टिपणाच्या शेवटी ‘या पुडीखेरीज आरोपीविरुद्ध काय आहे’ अशी यादी स्वतःच करून द्या आणि प्रत्येकासमोर ‘अप्रमाणित’, ‘असंबद्ध’ किंवा ‘मान्य’ असं लिहा. न्यायाधीशाला निकाल लिहिताना तीच यादी हवी असते. त्यात एखाद्या नोंदीपुढे ‘मान्य’ लिहायची वेळ आली तर लिहा. ज्या वकिलाने सॅकवर कलम ५० ताणलं नाही, त्याचं खिशाबद्दलचं म्हणणं न्यायाधीश अधिक गंभीरपणे ऐकतात.